हिरवळीवर मेंढ्या किती?

फोटोतल्या वस्तू ओळखायला संगणकाला शिकवणाऱ्या मंडळींमध्ये 'कोको' हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. सव्वातीन लाखांहून अधिक फोटोंचा हा संग्रह २०१४ साली एका शोधनिबंधातून जगापुढे आला. त्या निबंधाच्या पहिल्याच आकृतीत एक फोटो चार वेळा छापलाय. फोटोत माणूस आहे, कुत्रा आहे आणि मेंढ्या आहेत. पहिल्या खणात फोटोत काय काय आहे याची नुसती नावं आहेत. दुसऱ्यात प्रत्येक वस्तूभोवती आयताकृती चौकट आहे. तिसऱ्यात मेंढ्यांचा भाग नेमका रंगवलाय, पण सगळ्या मेंढ्यांना मिळून एकच रंग. चौथ्यात प्रत्येक मेंढी वेगळ्या रंगात आहे.

तिसरा खण म्हणजे सिमँटिक सेगमेंटेशन, चौथा म्हणजे इन्स्टन्स सेगमेंटेशन. वरवर पाहिलं तर फरक रंगपेटीचा वाटतो. तिसऱ्यात एकाच रंगावर भागवलंय, चौथ्यात जरा सढळ हाताने रंग वापरलेत, इतकंच. प्रत्यक्षात तिसऱ्या खणाचं उत्तर देणारं यंत्र चौथ्या खणाचं उत्तर देऊ शकत नाही, मग त्याला कितीही शिकवा. चौथ्या खणासाठी प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो. तो कसा विचारायचा याचं एक फार देखणं उत्तर २०१७ साली मिळालं.

आधी तिसरा खण बघू.

सिमँटिक सेगमेंटेशनमध्ये प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे फोटोतल्या प्रत्येक सूक्ष्म ठिपक्याला, एकच सवाल केला जातो: तू कशाचा? गवताचा, आकाशाचा, माणसाचा की मेंढीचा? बर्कलीच्या जोनाथन लाँग, इव्हान शेलहॅमर आणि ट्रेव्हर डॅरेल यांनी २०१५ साली या कामाला एक सरळ घाट दिला. तोवर न्यूरल नेटवर्कं आख्ख्या फोटोला एक नाव द्यायची. या तिघांनी त्यांची शेवटची टोकं बदलली आणि एका नावाऐवजी नावांचा आख्खा नकाशा बाहेर काढला. प्रत्येक पिक्सेलवर सगळ्या नावांची स्पर्धा लागते. 'मेंढी'ला जास्त वजन मिळालं की 'गवत' आणि 'कुत्रा' यांचं आपोआप कमी होतं. सगळ्यांची बेरीज एक, आणि ज्याचा वाटा मोठा त्याचं नाव त्या पिक्सेलला.

गवत, रस्ता, आकाश, पाणी यांच्यासाठी ही रीत उत्तम आहे. या गोष्टी मोजायच्या नसतात. 'किती आकाशं?' असं कोणी विचारत नाही. पण दोन मेंढ्या अंगाला अंग लावून उभ्या असल्या की अडचण येते. दोघींच्या सीमेवरच्या पिक्सेलला विचारलं, 'तू कशाचा?' तर तो म्हणतो, 'मेंढीचा', आणि ते खरंच असतं. डावीकडचा पिक्सेलही मेंढीचा, उजवीकडचाही मेंढीचा. सीमा नावाची गोष्ट या उत्तरांत कुठे उरतच नाही.

मग कोणीतरी सुचवतं, रंगवलेल्या भागाचे सुटे तुकडे मोजा, प्रत्येक तुकडा म्हणजे एक मेंढी. मोकळ्या माळावर दूर-दूर उभ्या मेंढ्यांसाठी हे चालतंही. पण चिकटून उभ्या असलेल्या पाच मेंढ्यांचा एकच तुकडा होतो, आणि झाडाच्या बुंध्यामागे उभ्या असलेल्या एकाच मेंढीचे दोन होतात, पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी. तिचा अंदाज बांधून ती वजा करण्याचीही सोय नाही.

यात आणखी एक मेख आहे, आणि नवशिक्यांना ती हमखास फसवते. सिमँटिक सेगमेंटेशनचे गुण देताना बघतात ते इतकंच: यंत्राने 'मेंढी' म्हणून रंगवलेला सगळा भाग आणि माणसाने रंगवलेला सगळा भाग एकमेकांवर किती बसतात. दोघांचा समाईक भाग भागिले दोघांचा मिळून होणारा भाग. पाचही मेंढ्यांचा एक लोळागोळा झाला तरी हे गुण शंभरपैकी शंभर येऊ शकतात. परीक्षेनेच मोजणीचा प्रश्न विचारला नाही, तर निकालावरून मोजणी येते की नाही हे कसं कळणार?

चौथ्या खणाकडे नेणारी वाट चौकटींच्या बाजूने आली. रॉस गिरशिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची २०१४ सालची आर-सीएनएन ही पद्धत अशी होती: फोटोत कुठे कुठे काही वस्तू असावी असं वाटतं, अशा सुमारे दोन हजार चौकटी आधी सुचवून घ्यायच्या आणि मग एकेक चौकट कापून नेटवर्कला दाखवायची. या सुचवलेल्या चौकटी म्हणजेच रीजन प्रपोजल. एका फोटोसाठी दोन हजार वेळा नेटवर्क चालवायचं म्हणजे काम कासवगतीने होई. पुढच्या वर्षी फास्टर आर-सीएनएन आली आणि चौकटी सुचवण्याचं कामही नेटवर्कनेच करायला सुरुवात केली. फोटो एकदाच नेटवर्कमधून जातो, त्यातून वैशिष्ट्यांचा एक नकाशा तयार होतो, आणि त्या नकाशाच्या प्रत्येक घरावर उभी, आडवी, चौरस अशा ठरावीक चौकटी ठेवून नेटवर्क विचारतं: इथे काही आहे का? असल्यास चौकट थोडी कुठे सरकवू? ज्या चौकटींना 'आहे' असं उत्तर मिळतं त्यांतल्या निवडक पुढे जातात. तिथे त्या मेंढीच्या की कुत्र्याच्या हे ठरतं आणि चौकट आणखी नेमकी होते.

मोजणी इथेच होऊन गेली, हे लक्षात घ्या. प्रत्येक मेंढीला स्वतंत्र चौकट मिळाली की ती मेंढी इतरांपासून वेगळी झाली. राहिलं ते चौकटीच्या आत रंग भरणं.

हे रंग भरण्याचं काम करणारी छोटी फांदी म्हणजे मास्क हेड. फेसबुकच्या संशोधन विभागातले कायमिंग ही, जॉर्जिया कियोक्सारी, पिओत्र डॉलर आणि रॉस गिरशिक या चौघांनी २०१७ साली फास्टर आर-सीएनएनला ती जोडली आणि जोडकामाला मास्क आर-सीएनएन असं नाव दिलं. त्या वर्षी व्हेनिसला भरलेल्या आयसीसीव्ही परिषदेत या निबंधाला मार पारितोषिक मिळालं. संगणकीय दृष्टीच्या क्षेत्रात हा मोठा मान समजतात. निबंध वाचताना मात्र थोडं गोंधळायला होतं, कारण नव्याने जोडलेला भाग इतका लहान आहे की एवढ्याने काम भागलं यावर विश्वास बसत नाही. नेहमीच्या चार पायऱ्या, मग आकार दुप्पट करणारी एक पायरी आणि शेवटी उत्तर. चौकटी काढणाऱ्या यंत्राच्या वेळात या फांदीने साधारण वीस टक्क्यांची भर पडते, एवढंच.

एक मेंढी घेऊन ते पाहू. समजा, चौकट मिळाली आहे. ती २८० पिक्सेल रुंद आहे आणि तिची डावी कड फोटोच्या डाव्या टोकापासून ६६५व्या पिक्सेलवर आहे. नेटवर्ककडे मूळ फोटो आता नाही, वैशिष्ट्यांचा नकाशा आहे. नकाशे वेगवेगळ्या बारकाईचे असतात, आणि एवढ्या चौकटीसाठी जो निवडला जातो त्यात फोटोतले १६ पिक्सेल मिळून एक घर होतं. म्हणजे मेंढीची डावी कड नकाशात ६६५ भागिले १६, म्हणजे ४१.५६व्या घरावर आली. आणि चौकटीची रुंदी झाली साडेसतरा घरं.

आता ४१.५६वं घर असं काही नकाशात नसतं. जुन्या पद्धतीत सरळ जवळचा पूर्णांक घेत, ४२. पण ४२वं घर म्हणजे फोटोतला ६७२वा पिक्सेल. कड सात पिक्सेल सरकली. साडेसतरा घरांचे पुढच्या कामासाठी १४ समान भाग करायचे असतात, तेव्हाही असंच: काही भागांना एक घर मिळे, काहींना दोन. चौकटीत मेंढी आहे की कुत्रा एवढंच सांगायचं असेल तर सात पिक्सेलनी काही बिघडत नाही. मेंढी सात पिक्सेल सरकली तरी मेंढीच राहते. पण तिची कड काढायची तर सात पिक्सेल म्हणजे थेट चूक. साठ पिक्सेलच्या लहानग्या कोकराच्या बाबतीत तर सगळंच बिनसेल.

मास्क आर-सीएनएनने पूर्णांक घेणंच बंद केलं. साडेसतरा घरांचे १४ भाग म्हणजे प्रत्येकी सव्वा घर, तर सव्वा घरच. प्रत्येक भागात चार जागा नेमायच्या, आणि प्रत्येक जागेची किंमत आजूबाजूच्या चार घरांवरून अंतराच्या प्रमाणात काढायची. जे घर जवळ त्याचा वाटा मोठा. या पायरीला आरओआय अलाइन म्हणतात. शाळेतल्या गणिताच्या पलीकडे यात काही नाही. तरी परिणाम काय झाला ते त्यांच्याच तक्त्यात दिसतं. रंगवलेला मास्क खऱ्या आकाराशी निम्मा जुळला तरी पास, अशा सैल परीक्षेत गुण ४८.८ वरून ५१.२ झाले. पाऊण जुळायला हवा, अशा कडक परीक्षेत मात्र ते २६.४ वरून ३१.५ वर गेले. सुधारणा कडांची होती म्हणून ती कडक परीक्षेतच जास्त दिसली. पुढे स्वतःचं यंत्र तपासतानाही ही खूण उपयोगी पडते: सैल परीक्षेत बरे गुण आणि कडक परीक्षेत घसरगुंडी, असं दिसलं की वस्तू सापडताहेत पण कडा बिघडताहेत असं समजायचं.

पुढची पायरी रंगाची. चौदा बाय चौदाचा तुकडा मास्क हेडमधून जातो आणि अठ्ठावीस बाय अठ्ठावीसचा होऊन बाहेर येतो. त्या प्रत्येक घरात शून्य ते एक यांमधली एक संख्या असते: हे घर या वस्तूचं असण्याची शक्यता किती. मग हा छोटा मास्क ताणून चौकटीएवढा करायचा, आणि निम्म्याहून जास्त शक्यता असलेले पिक्सेल रंगवायचे. झाली मेंढी.

या सगळ्यात खरी अक्कल एका न दिसणाऱ्या निर्णयात आहे. कोकोमध्ये वस्तूंचे ८० प्रकार आहेत, आणि मास्क हेड प्रत्येक चौकटीसाठी ८० मास्क काढतं: ही मेंढी असेल तर असा, कुत्रा असेल तर असा, सायकल असेल तर असा. यांतला कोणता वापरायचा हे मास्क हेड ठरवत नाही. ते शेजारची नाव सांगणारी फांदी ठरवते. ती 'मेंढी' म्हणाली की मेंढीचा मास्क उचलायचा, बाकीचे ७९ टाकून द्यायचे. शिकवतानाही तसंच. चौकट मेंढीची असेल तर फक्त मेंढीच्या मास्कची चूक मोजतात, बाकीच्यांना कोणी जाब विचारत नाही.

म्हणजे सिमँटिक पद्धतीत पिक्सेलवर जी नावांची स्पर्धा लागत होती ती इथे नाहीच. मास्क हेडला कळायला हवं ते इतकंच की या चौकटीतल्या मुख्य वस्तूत हा पिक्सेल मोडतो की नाही. हो किंवा नाही. आता सीमेवरच्या त्या जुन्या पिक्सेलला विचारा. डाव्या मेंढीच्या चौकटीत तो 'हो' म्हणेल आणि उजव्या मेंढीच्या चौकटीत 'नाही'. तोच पिक्सेल, तेच लोकर, पण चौकट बदलली तसं उत्तर बदललं. तिसऱ्या खणातल्या यंत्राला जे जमत नव्हतं ते हेच.

लेखकांनी हा निर्णय तपासूनही पाहिला. मास्क हेडमध्ये मुद्दाम जुनी स्पर्धा लावली तेव्हा गुण २४.८ आले. स्पर्धा काढून 'हो की नाही' ठेवलं तर ३०.३. आणखी एक प्रयोग त्याहून बोलका आहे. त्यांनी ८० मास्क काढणंच बंद केलं आणि वस्तू कोणती याचा विचार न करणारा एकच मास्क ठेवला. गुण आले २९.७, म्हणजे जवळपास तेवढेच. नाव सांगण्याचं काम एकदा दुसऱ्याकडे गेलं की आकार काढणाऱ्याला नावाची फारशी गरज उरत नाही.

एवढं सगळं पाहिल्यावर या यंत्राच्या चुका कशा वाचायच्या हेही उलगडायला लागतं. मोजणीची चूक दिसली तर चौकटीकडे बोट दाखवायचं, कडेची चूक दिसली तर मास्क हेडकडे. एक चूक मात्र दोघांच्या मधली आहे.

रंगवलेल्या मेंढीची एखादी बाजू पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. शेपटीकडचा भाग, किंवा खाली वाकून चरणाऱ्या मेंढीचं तोंड, सरळ रेषेत कापलेलं असतं. प्राण्याच्या अंगाला अशी सरळ कड नसते. ती कड चौकटीची असते. मास्क चौकटीबाहेर जाऊच शकत नाही, त्यामुळे चौकट अपुरी पडली की मास्क हेड कितीही शहाणं असलं तरी शेपूट बाहेरच राहते. पुष्कळ लोक अशा वेळी मास्क हेडला आणखी शिकवत बसतात. तो वेळ वाया जातो. चौकट नीट करायला हवी.

निव्वळ मास्क हेडची चूक पायांत दिसते. आपल्या २८० पिक्सेलच्या मेंढीवर २८ घरांचा आलेखाचा कागद अंथरल्यासारखं आहे, एकेक घर दहा पिक्सेलचं. मेंढीचा पाय आठ पिक्सेल रुंद असेल तर तो एका घरातही नीट मावत नाही. कधी दोन पायांमधली फट भरून निघते आणि मेंढी चबुतऱ्यावर बसवल्यासारखी दिसते, कधी पायच गायब होतात आणि मेंढी तरंगते. गंमत म्हणजे हा दोष मोठ्या वस्तूंत जास्त डोळ्यांत भरतो. चौकट ५६० पिक्सेलची झाली तरी घरं अठ्ठावीसच, म्हणजे एकेक घर वीस पिक्सेलचं. जवळून काढलेल्या फोटोत कडा गोलमटोल, साबणाच्या वडीसारख्या येतात त्या याच कारणाने. २०२० साली पॉइंटरेंड नावाची एक पद्धत आली, तिने यावर तोडगा काढला: मास्क सगळीकडे बारीक न करता, जिथे 'हो की नाही' याबद्दल शंका आहे तेवढेच बिंदू पुन्हा तपासायचे. शंका बहुतेक कडेवरच असते, त्यामुळे मेहनत नेमकी तिथे लागते.

मोजणीची चूक वेगळ्या ठिकाणी होते, आणि माझ्या मते ती या पद्धतीची सगळ्यात मोठी मर्यादा आहे. एकाच मेंढीवर नेटवर्क अनेक चौकटी टाकतं, एकमेकींना किंचित सरकलेल्या. त्यांतली सर्वांत खात्रीची ठेवायची आणि तिच्यावर फार चढणाऱ्या बाकीच्या काढून टाकायच्या, असा नियम असतो. 'फार' म्हणजे किती, तर साधारणतः दोन चौकटींचा समाईक भाग त्यांच्या एकत्रित भागाच्या निम्म्याहून जास्त असेल तर.

आता दोन खऱ्या मेंढ्या घ्या. एक पुढे, दुसरी तिच्या मागे जराशी सरकून, डोकं पुढे काढलेलं आणि पाठीची कड वर दिसतेय. दोघींच्या चौकटी २८० बाय २०० आणि त्यांत अंतर ८० पिक्सेलचं. समाईक भाग २०० बाय २००, म्हणजे ४०,०००. प्रत्येक चौकट ५६,००० पिक्सेलची, दोन्ही मिळून १,१२,०००, त्यातून दोनदा मोजलेले ४०,००० वजा केले की ७२,०००. चाळीस भागिले बहात्तर म्हणजे ०.५६. नियमाच्या लेखी या दोन चौकटी एकाच मेंढीच्या. मागची मेंढी पुसली गेली. मास्क हेडपर्यंत ती पोचलीच नाही, कारण चाचणीच्या वेळी मास्क हेड या चाळणीतून उरलेल्या, फार तर शंभर चौकटींवरच चालवतात.

नियम सैल करून मर्यादा ०.५ ऐवजी ०.७ केली तर ही मेंढी वाचेल, पण दुसरीकडे एकाच मेंढीच्या दोन मेंढ्या व्हायला लागतील. विरळ माळासाठी एक आकडा बरा, दाटीवाटीच्या कळपासाठी दुसरा. ज्यांना खरोखर मोजायचं असतं त्यांनी आपल्या फोटोंतली दाटी पाहून हा आकडा ठरवावा, तयार मिळालेला तसाच ठेवू नये. हरवलेली मेंढी चाळणीतच गेली की आधीच सापडली नव्हती, हे कळण्याचा मार्गही सोपा आहे: चाळणी बंद करून सगळ्या चौकटी फोटोवर काढायच्या. मागच्या मेंढीभोवती चौकटींचा घोळका दिसला तर दोष चाळणीचा.

खात्रीचा आकडाही जरा जपून वाचायला हवा. यंत्र मेंढीशेजारी ०.९८ लिहितं तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं, आकार ९८ टक्के बरोबर असणार. तो आकडा नाव सांगणाऱ्या फांदीचा असतो. ही मेंढी आहे याची खात्री ०.९८, तिचे पाय बरोबर रंगवलेत की नाही याबद्दल त्यात एक अक्षर नाही. २०१९ साली मास्क स्कोअरिंग आर-सीएनएन या पद्धतीने एक वेगळी फांदी जोडून मास्क किती जुळला असेल याचा अंदाजही घ्यायला सुरुवात केली, कारण मूळ रचनेत ते विचारायची सोयच नव्हती.

एकूण गुणांचं म्हणाल तर २०१७ च्या निबंधातल्या मुख्य रचनेला कोकोवर ३५.७ मिळाले होते. ही टक्केवारी शाळेच्या निकालासारखी वाचू नका. सैल ते अतिकडक अशा दहा परीक्षांची ती सरासरी आहे. पण त्याच तक्त्यातली फोड पाहण्यासारखी आहे: मोठ्या वस्तूंसाठी ५२.४, मध्यम वस्तूंसाठी ३८.१ आणि लहान वस्तूंसाठी १५.५. दूरवर चरणाऱ्या, फोटोत जेमतेम तीस पिक्सेलच्या मेंढ्या मोजायच्या असतील तर शेवटचा आकडा तुमचा आहे, पहिला नाही.

आणि यंत्राला बोल लावण्याआधी माणसांनीही काय केलंय ते पाहावं. कोकोसाठी वस्तूंच्या कडा हाताने आखणाऱ्यांना दर हजार आकृत्यांमागे २२ तासांहून जास्त वेळ लागला, म्हणजे एका आकृतीला सव्वा मिनिटाच्या वर. एकाच फोटोत एकाच प्रकारच्या वस्तू दहा-पंधराहून जास्त निघाल्या की त्यांनीही हात टेकले. उरलेल्या सगळ्यांना मिळून एकच रंग दिला आणि त्या भागावर `iscrowd` अशी खूण केली. अशा भागात यंत्राने काहीही शोधलं तरी त्याचे गुण मिळत नाहीत, कापलेही जात नाहीत. म्हणजे दाट कळपात, जिथे एकेक वेगळी काढणं सगळ्यात अवघड, तिथे परीक्षकच तिसऱ्या खणावर परतले आहेत.

मग दोन पद्धतींतली निवडायची कोणती? शेतात पीक किती भागावर आणि तण किती भागावर एवढंच हवं असेल तर सिमँटिक पुरे. तिला चौकटी नकोत, चाळणी नको, आणि प्रत्येक पिक्सेलला नक्की एक नाव मिळतं. रोपं मोजायची असतील, प्रत्येकाचा आकार हवा असेल, तर चौकट आणि मास्कच्या वाटेला जावं लागतं. फोटोत दोन्ही हवं असेल, गवतही आणि मेंढ्याही, तर दोन्हींची उत्तरं एकावर एक बसवायची. अलेक्झांडर किरिलोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली याला पॅनोप्टिक सेगमेंटेशन हे नाव दिलं.

तिथे एक नवंच भांडण उभं राहतं. सिमँटिक पद्धतीत एका पिक्सेलचे दोन मालक असूच शकत नाहीत. मास्क हेडमध्ये असू शकतात, कारण प्रत्येक चौकटीत प्रश्न स्वतंत्र विचारलेला असतो, आणि पुढच्या मेंढीचा एखादा कान दोन्ही मेंढ्या स्वतःचा म्हणू शकतात. पॅनोप्टिकमध्ये प्रत्येक पिक्सेलला एकच मालक हवा. साधा उपाय असा की ज्या वस्तूची खात्री जास्त तिला आधी पिक्सेल द्यायचे, पुढचीला उरलेले, आणि जिच्याकडे फारच थोडे उरतील ती वस्तू रद्द. मेंढ्यांना हे बऱ्यापैकी चालून जातं. पण कोकोच्या ८० प्रकारांत टायही आहे. टाय घातलेल्या माणसाची खात्री बहुधा टायपेक्षा जास्त भरते, आणि माणसाच्या मास्कमध्ये छातीवरचा भाग आलेलाच असतो. माणूस आधी येऊन सगळे पिक्सेल घेऊन जातो. मग टायची पाळी येते तेव्हा तिच्या वाट्याला एकही पिक्सेल उरलेला नसतो, आणि नीट सापडलेली, नीट रंगवलेली टाय निकालातून बाद होते.